तातडीचं की महत्त्वाचं? चार खाने आणि कामांचा क्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार खान्यांची ही पद्धत नेमकी काय आहे?

कागदावर एक मोठा चौकोन काढा, मधून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार खाने तयार होतात. पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचं, दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडी नसलेलं, तिसऱ्यात तातडीचं पण महत्त्व नसलेलं आणि चौथ्यात दोन्ही नसलेलं. डोक्यात घोळणारं प्रत्येक काम यापैकी एका खान्यात जातं.

चित्र सोपं आहे आणि बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. अडचण पुढे येते. कामं खान्यांत भरून झाली तरी सोमवारी संध्याकाळी सात वाजता आधी काय हातात घ्यायचं हे तो चौकोन सांगत नाही. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न याच जागी अडकलेले असतात, म्हणून इथेही भर क्रमावर आहे. ऑफिसची कामं यात धरलेली नाहीत. तिथे वरिष्ठ असतात, कामं वाटून देता येतात. घरच्या आणि स्वतःच्या कामांना ती सोय नसते.

ही कल्पना आयझेनहॉवरची का?

अर्धवट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे अशा दोन प्रकारच्या अडचणींचा उल्लेख केला, पण तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचे शब्द म्हणून. चौकोनाचं चित्र बरंच नंतर, व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून रूढ झालं.

महत्त्वाचं काय हे ठरवायचं कसं? मला तर सगळंच महत्त्वाचं वाटतं.

यादी करताना कामाशेजारी तारीख लिहिली की तारखेचा रंग महत्त्वावर चढतो. 'उद्या' असं लिहिलेलं काम आपोआप मोठं दिसायला लागतं. म्हणून आधी फक्त कामं लिहा आणि तारखांचा रकाना कोरा ठेवा. मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे काम मी केलंच नाही, तर सहा महिन्यांनी कोणाच्या आयुष्यात काय बिघडलेलं असेल?

उत्तर एका वाक्यात आणि ठोस द्यायचं. 'वडिलांचा मोतीबिंदू वाढलेला असेल' हे उत्तर झालं. 'बरं दिसणार नाही' किंवा 'मनाला लागून राहील' ही उत्तरं नाहीत. ठोस वाक्य जमलं नाही तर ते काम महत्त्वाच्या बाजूला जात नाही, मग त्याची मुदत आज रात्रीची का असेना. सगळ्या कामांचं महत्त्व ठरल्यावरच तारखा भरा. हा उलटा क्रम पाळला की पहिल्या खान्यातली गर्दी लगेच कमी होते.

तारखेची ही ओढ फक्त तुम्हालाच जाणवते असं समजू नका. २०१८ मध्ये ग्राहकांच्या वर्तनावर एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात लोकांपुढे दोन कामं ठेवली होती: एकाचा मोबदला कमी पण संधी थोडाच वेळ, दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि वेळ भरपूर. पुष्कळ जणांनी कमी मोबदल्याचं काम निवडलं, केवळ ते 'संपत आलंय' म्हणून. निवडताना मोबदला ठळकपणे डोळ्यांसमोर आणला तेव्हा ही ओढ सैल झाली. सहा महिन्यांचा प्रश्न नेमकं तेच करतो, काम न करण्याची किंमत डोळ्यांसमोर आणतो.

आणि तातडीचं म्हणजे किती दिवसांच्या आतलं? दोन दिवस? एक आठवडा?

तातडी दिवस मोजून ठरत नाही. माझ्या मते ही पद्धत बहुतेकांच्या हातून इथेच निसटते.

बुधवारी संपणाऱ्या एखाद्या कामाला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या कामाची मुदत चार महिन्यांनी आहे, पण त्यात तीन जणांच्या सह्या, एक अर्ज आणि दोन महिन्यांची वाट पाहणं आहे. यातलं दुसरं काम आज जास्त तातडीचं असू शकतं. म्हणून मी प्रत्येक महत्त्वाच्या कामासमोर दोन तारखा लिहिते. एक संपवायची आणि दुसरी सुरू करायची, म्हणजे ज्या दिवसापर्यंत हात लावला नाही तर नंतर कितीही धावपळ करून उपयोग नाही तो दिवस. ही दुसरी तारीख चालू आठवड्यात पडत असेल तर काम तातडीचं, नाहीतर नाही.

पासपोर्टचं उदाहरण घ्या. माझ्या एका मैत्रिणीचा पासपोर्ट सात महिन्यांनी संपणार होता आणि प्रवास सोळा आठवड्यांवर होता. तिने काम 'सावकाश करू' या गटात टाकलं होतं. पण अनेक देशांत प्रवेश करताना पासपोर्ट अजून सहा महिने तरी वैध असावा लागतो. तिच्या हातात प्रवासाच्या वेळी तीन महिन्यांच्या थोडे वरच उरणार होते. म्हणजे नवा पासपोर्ट लागणार, आणि त्यावर व्हिसा.

मग आम्ही शेवटाकडून मागे मोजत आलो. व्हिसासाठी चार आठवडे ठेवायचे, म्हणजे बाराव्या आठवड्याअखेर नवा पासपोर्ट हातात हवा. कार्यालयाने तिला सहा आठवडे लागतील असं सांगितलं होतं. कागदात त्रुटी निघाली तर म्हणून नऊ धरले. उरले तीन. कागद आणि फोटो गोळा करायला एक आठवडा. उरले दोन. सात महिने लांब वाटणारं काम दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं होतं, आणि हे कुठल्याही कॅलेंडरवर लिहिलेलं नव्हतं.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज नेहमी चुकतो. मग सुरू करायची तारीख काढणार कशी?

अंदाज चुकणारच, पण तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकतो, कमी धरला जातो. हे एकदा मान्य केलं की दुरुस्ती सोपी आहे. १९९४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात सुमारे ५६ लागले. म्हणजे दीडपटीपेक्षाही थोडे जास्त.

मी नवख्या कामाला सरसकट दीडपट धरते. आधी केलेलं काम असेल तर मागच्या वेळी प्रत्यक्ष किती वेळ गेला तो आकडा घेते, मनातला अंदाज घेत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात असलेल्या टप्प्यालाही दीडपटच, कारण तिथे काय अडेल हे आपल्याला दिसत नसतं.

पहिल्या खान्यात एकदम तीन-चार कामं आली तर कुठल्या क्रमाने करायची?

याचं उत्तर कारखान्यातल्या यंत्रांवर कामं लावणाऱ्यांनी फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. नियम दोन आहेत आणि दोन्ही घरात चालतात.

पहिला नियम १९५५ चा: ज्याची मुदत आधी, ते आधी. सगळी कामं मुदतीत बसण्यासारखी असतील तर या क्रमाने नक्की बसतात, आणि बसत नसतील तर सर्वांत जास्त उशीर झालेल्या कामाचा उशीर यापेक्षा कमी करता येत नाही. रोजच्या वापराला एवढं पुरतं.

दुसरा नियम १९६८ चा आहे. सगळं बसत नाही हे उघड झाल्यावर तो कामाला येतो. मुदतीच्या क्रमाने कामं मांडत जायचं. एखादं काम मुदत ओलांडायला लागलं की तिथे थांबायचं, आतापर्यंत मांडलेल्यांपैकी सर्वांत लांबलचक काम उचलून बाजूला ठेवायचं आणि पुढे जायचं. अशाने उशीर होणाऱ्या कामांची संख्या कमीत कमी राहते.

आकड्यांत बघू. संध्याकाळचे पाच वाजलेत. बँकेचा एक अर्ज ऑनलाइन भरायचा आहे, एक तास लागेल आणि सात वाजता पोर्टल बंद होतं. भावाने घराचा भाडेकरार वाचून आठपर्यंत कळवायला सांगितलंय, त्याला अडीच तास. आणि एका अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज, एक तासाचा, साडेआठपर्यंत.

नुसत्या मुदतीने गेलात तर बँकेचा अर्ज सहाला होतो, करार साडेआठला (अर्धा तास उशीर) आणि प्रवेशअर्ज साडेनऊला, म्हणजे एक तास उशीर. दोन कामं हुकली. दुसरा नियम लावा. करार मुदत ओलांडतोय आणि आतापर्यंतचं सर्वांत लांब कामही तोच आहे, म्हणून तो बाजूला. बँकेचा अर्ज सहाला, प्रवेशअर्ज सातला. मग करार, तो साडेनऊला संपतो. उशीर एकाच कामाला झाला, पण दीड तासाचा.

शेवटचा निवाडा आकडे करत नाहीत. प्रवेशअर्जाचं पोर्टल साडेआठला बंद होतं, भाऊ बंद होत नाही. पाच वाजताच त्याला फोन करून 'साडेनऊपर्यंत सांगितलं तर चालेल का' असं विचारलं तर बहुतेक वेळा चालतं, आणि नसेल चालत तर ते पाचला कळतं, आठला नाही. बाजूला ठेवलेल्या कामाच्या माणसाला लगेच कळवणं हा या नियमाचाच भाग समजा. आणि घरमालक आठला सही करून घेणार असेल, भावाचं सगळं त्या करारावर अडलेलं असेल, तर नियम गुंडाळून ठेवा आणि करार आधी वाचा. कारखान्याचा हा नियम सगळी कामं सारख्या वजनाची धरतो. घरात ती तशी नसतात.

आधी पहिला खाना रिकामा करायचा, मग दुसरा, असंच ना?

नाही. पहिला खाना कधीच रिकामा होत नाही. तो रिकामा होण्याची वाट पाहिली तर दुसऱ्याची पाळी येत नाही, आणि दुसऱ्यातली कामं पडून पडून एक दिवस पहिल्यात जातात.

माझ्या दाढेचं असंच झालं. थंड पाणी प्यायल्यावर एक क्षण कळ यायची, बस्स. मी ते दुसऱ्या खान्यात 'दाताच्या डॉक्टरांना दाखवणे' असं लिहून ठेवलं आणि प्रत्येक रविवारी नव्या कागदावर उतरवत राहिले. पुढे गरम चहानेही दुखायला लागलं आणि घोट गिळून झाल्यावरही कळ दोन-दोन मिनिटं टिकायला लागली. थंडाने क्षणभर शिणशिणणं आणि गरमाने रेंगाळणारी कळ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात अनेकदा साधं फिलिंग पुरतं. दुसऱ्याचा अर्थ बहुधा असा की आतली नस सुजली आहे. मी एका रात्री गाल धरून बसले आणि मग रूट कॅनालसाठी तीन वेळा जावं लागलं. पहिल्या रविवारी ते काम दहा मिनिटांच्या फोनचं होतं.

म्हणून क्रम असा लावते: आठवड्याचा वेळ हाताशी घेतला की आधी दुसऱ्या खान्यातल्या एका कामाचे तास बाजूला काढायचे, वार आणि वेळ लिहून. मग पहिल्या खान्यातली कामं मुदतीच्या क्रमाने. मग तिसऱ्यातली, उरलेल्या फटींत. हे तास खर्च होण्याचा क्रम नव्हे, राखून ठेवण्याचा क्रम आहे. सोमवारी प्रत्यक्षात तुम्ही पहिल्या खान्यातलंच काम करत असाल, पण शनिवारचे तीन तास कोणाचे हे रविवारीच ठरलेलं असेल.

एखादी खरी यादी घेऊन दाखवाल का?

पासपोर्टवाल्या मैत्रिणीचीच घेते. रविवारी संध्याकाळी तिच्या कागदावर नऊ कामं होती: गाडीचा विमा (बुधवारी संपतो), पासपोर्ट, दुखरा दात, लायब्ररीचं पुस्तक (मंगळवारपर्यंत), शेजाऱ्यांच्या मुलाचं अर्जाचं पत्र 'उद्यापर्यंत बघून दे', फोनमधल्या फोटोंची दुसरी प्रत, दहा आठवड्यांवर आलेली प्रमाणपत्र परीक्षा, कपाट आवरणं आणि नव्या हेडफोनची तुलना.

आधी वेळ मोजला. रोज संध्याकाळी एक तास, शनिवारी पाच, रविवारी दोन, मिळून बारा तास. त्यातला पाव भाग कशालाच द्यायचा नाही, तो अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी. उरले नऊ.

मग महत्त्व. सहा महिन्यांच्या प्रश्नाला विमा, पासपोर्ट, दात, फोटो आणि परीक्षा टिकली. पुस्तक, पत्र, कपाट, हेडफोन टिकले नाहीत. पत्रावर ती अडखळली, कारण शेजारी मदतीला धावणारे आहेत. आम्ही ठरवलं की संबंध महत्त्वाचे आहेत, पण पत्राची प्रत्येक ओळ नव्याने लिहून देणं महत्त्वाचं नाही. पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटं: एकदा वाचून तीन सूचना.

खरा धक्का परीक्षेने दिला. तिचा अंदाज चाळीस तासांच्या अभ्यासाचा होता. दीडपट म्हणजे साठ. दहा आठवड्यांत साठ, म्हणजे आठवड्याला सहा. ती आजवर 'वेळ उरेल तसा' अभ्यास करत होती आणि उरणारा वेळ आठवड्याला दोन तासही नव्हता. परीक्षा दहा आठवडे लांब दिसत होती, पण सुरू करायची तारीख त्याच रविवारी होती. तिच्यापुढे दोनच पर्याय होते: या आठवड्यापासून सहा तास, नाहीतर परीक्षा पुढच्या सत्रात. तिने सहा तास निवडले आणि ते सगळ्यांत आधी कागदावर गेले: मंगळवार आणि शुक्रवार पाऊण-पाऊण तास, शनिवारी तीन, रविवारी दीड.

नवातले तीन उरले. त्यात विमा अर्धा तास, सोमवारीच, कारण संपण्याच्या दिवशी पैसे भरताना काही अडलं तर हातात दुसरा दिवस नसतो. पत्र सोमवारीच, पंधरा मिनिटं. पुस्तकाची मुदत ऑनलाइन वाढवली, दोन मिनिटांत. दाताच्या डॉक्टरांना सोमवारी दुपारी फोन, दहा मिनिटं. शनिवारची वेळ मिळाली, दीड तास धरला. पासपोर्टला दोन आठवडे होते, तरी बुधवारी वीस मिनिटं कोणते कागद लागतात ते बघण्यासाठी दिली. ज्या कामात पुढे दुसऱ्याची वाट बघायची असते, त्याचा पहिला टप्पा शक्य तितका लवकर उरकावा. वाट बघण्याचे दिवस आपले तास खात नाहीत, पण ते सुरू मात्र आपल्याला करावे लागतात.

बेरीज जवळपास पावणेनऊ तास. फोटोंना जागा नव्हती. ते पुढच्या आठवड्यात गेले, शनिवार अशी नोंद करून. कपाट आणि हेडफोन कागदावरून खोडले.

एवढं ठरवलं आणि मध्येच नवं काम आलं तर?

ते मोकळ्या ठेवलेल्या पाव भागात बसतं का बघा. बसत नसेल तर ते घेताना कागदावरचं कुठलं काम काढणार हे त्याच क्षणी ठरवा आणि नावानिशी खोडा. 'करू कसंतरी' म्हटलं की बळी नेहमी दुसऱ्या खान्यातल्या कामाचा जातो, कारण त्याच्यासाठी फोन करणारं कोणी नसतं.

फोनवर विनंती आली तर मी एकच वाक्य विचारते: 'कधीपर्यंत हवंय, आणि त्यानंतर मिळालं तर काय अडेल?' निम्म्या मुदती या प्रश्नाने सैल होतात. सांगणाऱ्याने 'आज' हा शब्द पुष्कळदा सवयीने वापरलेला असतो.

तिसऱ्या खान्यातली कामं दुसऱ्याला द्यावीत म्हणतात. माझ्याकडे द्यायला कोणी नाही.

बहुतेकांकडे नसतं. तेव्हा काम लहान करा, मुदत वाढवून घ्या, किंवा तीन-चार एकत्र करून एकाच खेपेत उरका. नाही म्हणणं हाही एक मार्ग आहे, पण ते पहिल्याच दिवशी सांगावं. घरातल्या कोणाच्या गळ्यात घालून 'सोपवलं' म्हणू नये. तुमच्या तिसऱ्या खान्यातलं काम त्यांच्याही तिसऱ्याच खान्यात जाणार असतं.

दोन मिनिटांची कामं लगेच करून टाकावीत का?

यादी करायला बसला असाल तेव्हा हो. राखून ठेवलेल्या तासात नाही. अभ्यासाच्या पाऊण तासात अशी पाच कामं शिरली तर दहा मिनिटं जातात ती वेगळीच, पण प्रत्येक वेळी पुन्हा त्या पानावर मन आणायला लागतं. बाजूला चिठ्ठी ठेवा, आठवलं ते तिच्यावर लिहा, तास संपल्यावर बघा.

आराम, गप्पा, सिनेमा हे चौथ्या खान्यात जातं का?

नाही. झोप आणि विश्रांती या यादीत लिहूच नका. ती बारा तासांच्या बाहेरची आहे. चौथा खाना अशा कामांसाठी, जी काम म्हणून लिहिलेली असतात पण न केल्याने कोणाचं काही अडत नाही.

दुसऱ्या खान्यातलं एक काम महिनोन्‌महिने तिथेच आहे. वेळ राखला तरी होत नाही.

एकच काम सलग तीन रविवार तसंच उतरवलं गेलं तर ते चौथ्यांदा उतरवू नका. बहुतेक वेळा लिहिलेलं ते काम नसतंच, विषय असतो. 'मृत्युपत्र', 'तब्येत', 'आईची कागदपत्रं' यांतलं काही संध्याकाळी सात वाजता हातात घेता येत नाही. 'आईच्या कपाटातली निळी फाईल काढून त्यात काय काय आहे त्याची यादी करणे, अर्धा तास' हे घेता येतं. क्रियापद असलेलं, कुठे बसून करायचं ते कळणारं, एका बैठकीत संपणारं वाक्य लिहा.

तसं लिहूनही काम हलत नसेल तर त्यात कोणाला तरी फोन करायचा आहे का बघा. माझ्या अनुभवात अडलेल्या कामाच्या मुळाशी फार वेळा एक अवघड फोन असतो: पैसे परत मागायचे असतात, चूक कबूल करायची असते किंवा तपासणीच्या निकालाची भीती असते. मग यादीत तो फोनच लिहावा, कोणाला आणि कधी, आणि पहिलं वाक्यही लिहून ठेवावं. आणि काम टाकून देण्यासारखंच असेल, सहा महिन्यांच्या प्रश्नाला आता ठोस उत्तरच येत नसेल, तर ते खोडा. पूर्वी महत्त्वाचं होतं म्हणून आजही आहे असं नाही.

पद्धत चालत नाहीये हे कसं ओळखायचं?

आठवड्याच्या शेवटी जुना कागद समोर घ्या आणि पहिल्या खान्यातल्या प्रत्येक कामाजवळ एक खूण करा: हे खरंच अचानक आलं, की माझ्याच दुसऱ्या खान्यातून इथे आलं? गाडी बंद पडली, ताप आला, ही अचानक आलेली. विमा शेवटच्या दोन दिवसांत भरला, तो दुसऱ्यातून आला. तीन-चार आठवडे दुसरी खूण जास्त दिसत असेल तर खाने बरोबर भरताय, पण सुरू करायच्या तारखा लिहीत नाही आहात.

दुसरं लक्षण म्हणजे कागद सुंदर होत जाणं. रंग, ॲप, उपखाने. आठवड्याला वीस मिनिटं आणि रोज सकाळी दोन-तीन मिनिटं यापेक्षा जास्त वेळ मांडणीत जात असेल तर काम लांबवण्यासाठी मांडणीचा आधार घेतला जातोय. मी अजून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिते, कारण तो रविवारी फेकावा लागतो आणि प्रत्येक काम नव्याने हाताने उतरवावं लागतं. उतरवायचा कंटाळा आला तर तेही एक उत्तरच असतं.

पुढच्या रविवारी काय करायचं, पुन्हा सगळं पहिल्यापासून?

महत्त्व पुन्हा ठरवायची गरज नसते, तारखा मात्र पुन्हा काढाव्या लागतात. मैत्रिणीचा त्या आठवड्यात सहापैकी साडेचार तास अभ्यास झाला. शुक्रवारी घरी पाहुणे आले आणि रविवारीही पाऊण तास कमी पडला. नऊ आठवड्यांत आता साडेपंचावन्न तास, म्हणजे आठवड्याला सहा तास दहा मिनिटं. एवढं जमण्यासारखं होतं. पासपोर्टच्या कागदांत एक जुना पत्ता निघाला, तो बदलायला आणखी एक आठवडा लागणार होता, म्हणून अर्जाचं काम दुसऱ्या खान्यातून उचलून पहिल्यात लिहिलं, सोमवारच्या नावाने. दातात फिलिंग झालं होतं. फोटोंसाठी शनिवारची दुपार राखली.